दाब कुठला, समुद्रसपाटीचा की नाशिकचा?

कर्करोगावर रेडिएशनचा उपचार करणाऱ्या मशीनच्या, म्हणजे लिनॅकच्या, ६ एमव्ही फोटॉन बीमचं आउटपुट, म्हणजे ते देत असलेला डोस, मी पहिल्यांदा एकटीनं मोजलं आणि उत्तर साडेसहा टक्के कमी आलं. आदल्या महिन्यापर्यंत ते दोन टक्क्यांच्या आत असायचं.

मांडणी नेहमीची होती. वॉटर फँटम, म्हणजे मोजमापाची पाण्याची टाकी, रात्रीच भरून ठेवलेला, पाणी २४ अंशांवर. फार्मर चेंबर, म्हणजे ०.६ सीसी हवेच्या पोकळीत बीमनं तयार झालेला विद्युतभार गोळा करणारं उपकरण, १० सेंमी खोलीवर, फील्ड १० बाय १० सेंमी. मशीन ज्यात डोस मोजून देतं ती २०० मॉनिटर युनिट दिल्यावर इलेक्ट्रोमीटरवर २२.९३ नॅनोकुलोंब यायचे. विभागाचा बॅरोमीटर बिघडला होता, म्हणून दाब मी मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरून घेतला: १०१० हेक्टोपास्कल. हिशेबानं डोस १२४.७ सेंटीग्रे निघाला. यायला हवे होते १३३.४.

आउटपुट वाढवायचं मनात आलं होतं. पण आधी सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "गेल्या महिन्याचं कच्चं रीडिंग किती होतं?" वही उघडली. तेही जवळपास तेवढंच. म्हणजे मशीन बदललं नव्हतं, बदलला होता माझा हिशेब.

मग ब्रॅग-ग्रे सिद्धांत मला खरा उमगला. चेंबरची पोकळी इतकी लहान, की पाण्यातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहात तिच्यामुळे जवळजवळ फरक पडत नाही. हवेत जमलेल्या विद्युतभाराला ३३.९७ जूल प्रति कुलोंबनं गुणून हवेच्या वस्तुमानानं भागलं, की हवेचा डोस मिळतो. पाणी आणि हवा यांच्या स्टॉपिंग पॉवरचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा शोषण्याच्या क्षमतेचं, गुणोत्तर या बीमला साधारण १.१२ असतं, त्यानं गुणून, चेंबरच्या छोट्या दुरुस्त्या केल्या की पाण्याचा डोस. कोबाल्ट-६० च्या बीममध्ये मिळालेला चेंबरचा कॅलिब्रेशन फॅक्टर आणि तो आपल्या बीमला लागू करणारी दुरुस्ती केक्यू या दोघांत हे सगळं आधीच सामावलेलं असतं. पण भागाकारातलं ते वस्तुमान फॅक्टरमध्ये २० अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कलला गृहीत धरलेलं आहे. आमचा चेंबर बाहेरच्या हवेला उघडा. कसारा घाट चढून तो ६०० मीटर उंच नाशिकला आला, की त्याच पोकळीत हवा कमी मावते, आयनही कमी होतात.

अ‍ॅप मात्र समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून बॅरोमीटर मागवला, तर खरा दाब निघाला ९४४ हेक्टोपास्कल. तापमान-दाबाची दुरुस्ती १.०१७ ऐवजी १.०८८ झाली आणि डोस १३३.४ वर आला. मी आउटपुट वाढवलं असतं, तर प्रत्येक रुग्णाला ७ टक्के जास्त डोस गेला असता, तोही रोज.

आता कच्चं रीडिंग, दाब आणि ही दुरुस्ती मी तीन वेगळ्या रकान्यांत लिहिते. आमच्या खोलीत ही दुरुस्ती १.०६ ते १.११ च्या बाहेर गेली, की आधी बॅरोमीटरवर 'सी लेव्हल' सेटिंग चालू आहे का ते बघायचं. तापमानाची चूक मात्र यात पकडली जात नाही. ३ अंशांनी फक्त एक टक्का हलतो. त्यासाठी थर्मामीटर पाण्यातच ठेवायचा, खोलीतल्या हवेत नाही.