तुडतुडेमधला 'डे'

१९ ऑक्टोबर, गुहागर

पाऊस उघडून आठवडा झाला. आज कपाटातली पुस्तकं पडवीत काढली. थेट उन्हात नाही, सावलीतच, वाऱ्यावर पानं सुटी होतील अशी. बाबांचं आंबा लागवडीचं पुस्तक हातात घेतलं आणि जीव हळहळला.

चार वर्षांपूर्वी मी त्यात रंगीत चिकट पट्ट्या लावल्या होत्या. आज मोजल्या, एकोणतीस निघाल्या. चार पावसाळ्यांच्या दमट हवेत त्यांचा गोंद मऊ होऊन कागदात मुरला होता. मोहोराच्या प्रकरणातली पट्टी मी नेहमीसारखी सरळ वर ओढली, तर तिच्यामागोमाग कागदाचा पापुद्रा आला आणि 'तुडतुडे'मधला 'डे' निघून गेला.

मग तिथेच थांबले. सर्दाळलेला कागद कमजोर असतो, त्यामुळे उरलेल्या अठ्ठावीस पट्ट्या पुस्तक दोन दिवस वाऱ्यावर राहिल्यावरच काढायच्या असं ठरवलं.

२१ ऑक्टोबर

आज पट्ट्या काढल्या. एका हाताने पान दाबून धरायचं, पट्टीचं मोकळं टोक तिच्याच पाठीवर दुमडायचं आणि पानाला जवळजवळ चिकटून, अगदी सावकाश मागे ओढत न्यायचं. सव्वा तास लागला. दोन ठिकाणी कागद किंचित खरवडला, बाकी पानं वाचली. काही जागी चिकटपणा राहिलाय. तसाच ठेवला तर धूळ बसेल आणि समोरचं पान चिकटेल, म्हणून पांढरा मऊ खोडरबर घासण्याऐवजी हलकेच टेकवत तो उचलला.

चिकट पट्ट्या पुन्हा नाहीत. साध्या पांढऱ्या कागदाच्या बोटभर रुंद चिठ्ठ्या कापल्यात, गोंदाशिवाय. पानात आत शिवणीपर्यंत सरकवायच्या आणि वर नखाएवढंच टोक ठेवायचं, म्हणजे पडत नाहीत. वर्तमानपत्राचे तुकडे नकोत. बाबांनी कधीतरी ठेवलेल्या तशा तुकड्याने दोन्ही पानांवर तपकिरी चौकोन उमटलाय. लोखंडी क्लिप तर आमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते. चिठ्ठ्याही दहा-बारापुरत्याच, जास्त झाल्या की पुस्तक फुगतं आणि पाठीवर ताण येतो.

पट्ट्या निघाल्यावर खालच्या नोंदी वाचल्या. पेन्सिलीचं एकही अक्षर पुसट झालेलं नाही. पण मी वापरलेली मऊ २बी समोरच्या पानावर काळपट उमटलीय, आणि बाबांच्या कडक पेन्सिलीचे वळ पानाच्या मागून बोटाला लागतात. एचबी, हलक्या हाताने, हेच बरं. भावाने बॉलपेनने मारलेल्या रेघा मागच्या पानावर दिसतायत, त्या काही जाणार नाहीत.

जास्त वाईट वाटलं ते माझ्याच शब्दांचं. सात ठिकाणी 'महत्त्वाचे!' लिहिलंय आणि त्यातल्या पाचांचं कारण मला आज सांगता येत नाही. त्याच पुस्तकात बाबांनी एका कडेला लिहिलंय, 'खालच्या बागेत १५ दिवस उशिरा.' कितीतरी वर्षांपूर्वीचं असेल, पण वाचल्याबरोबर बाग डोळ्यांसमोर येते.

म्हणून आज पान ८४ पुन्हा नीट वाचलं. तिथे मोहोर केव्हा येतो ते दिलंय, आणि माझं एक 'महत्त्वाचे!' आहे. ते खोडून कडेला उभी रेघ ओढली, म्हणजे हा परिच्छेद. तिच्याखाली प्रश्नचिन्ह, म्हणजे शंका, आणि बाण काढून ३१, कारण पालवी जून, म्हणजे पक्की, झाल्याशिवाय मोहोर येत नाही हे पान ३१ वर आहे. शेजारी शब्द लिहिले: 'ऑक्टोबरची पालवी जून कधी होणार?' यंदा पाऊस लांबला आणि वरच्या बागेत आत्ता कोवळी लालसर पालवी फुटलीय, त्यावरून ही शंका आली. पान ३१ वरही उलटा बाण आणि ८४ लिहिलं, नाहीतर तिकडून वाचत आलं तर हा धागा सापडत नाही. चौथी खूण गोल, म्हणजे बागेत जाऊन पडताळायचं. चारच खुणा ठेवल्यात, अर्थ पहिल्या चिठ्ठीवर लिहिलाय.

कडेला दोन ओळींहून जास्त मजकूर झाला की तो घडी घातलेल्या कागदावर जातो आणि कागद मागच्या मुखपृष्ठाच्या आत राहतो. त्यावर पान, ओळ आणि तीन-चार शब्द: '८४/११, पालवी व मोहोर'. शोधायचं असेल तेव्हा आधी हाच कागद बघते.

संध्याकाळी बाबा चष्मा लावून पान बघत बसले. म्हणाले, "अगं, ते 'डे' गेलंय तिथे कोणाला कळायचं नाही." मग माझी एचबी मागून घेतली आणि फाटलेल्या जागेला हात न लावता, शेजारच्या कोऱ्या कडेला बारीक अक्षरात पूर्ण शब्द लिहिला: तुडतुडे.