छप्पन्न पूर्णांक आठशे सत्तर

"दर महिन्याला खात्यातून पाच हजारच जातात, मग युनिट कधी कमी, कधी जास्त का येतात? आणि आम्ही ठरवलेल्या तारखेचा भाव का लागत नाही?"

मी सांगलीत म्युच्युअल फंडांचा वितरक आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा एक संशय असतो, की मधल्या मध्ये कोणीतरी काहीतरी काढून घेतले. मला त्याचा त्रास होतो, हे कबूल करतो. युनिटांची संख्या मी ठरवत नाही. ती एका भागाकारातून येते. तो भागाकार तुम्ही स्वतः करून पाहावा, एवढीच माझी इतक्या वर्षांची विनंती आहे.

पाच हजारांतून प्रथम मुद्रांक शुल्क जाते. १ जुलै २०२० पासून ते ०.००५ टक्के, म्हणजे पाच हजारांवर पंचवीस पैसे आहे. उरलेल्या ४,९९९.७५ रुपयांना त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, भागायचे. एनएव्ही २५० रुपये असेल तर १९.९९९ युनिट येतात. "वीस का नाहीत?" असे विचारत एक गृहस्थ माझ्याकडे दोनदा आले होते. उत्तर त्या पंचवीस पैशांत होते. पडताळणी उलट दिशेनेही करता येते. हप्त्यानंतर फंडाकडून येणाऱ्या संदेशातील युनिटांना संदेशातीलच एनएव्हीने गुणा. उत्तर ४,९९९.७५ च्या आगेमागे काही पैशांत आले, तर हिशेब बरोबर आहे. तेवढा फरक युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत मोजल्यामुळे पडतो. फरक रुपयांत असेल तर मात्र मला जरूर फोन करा. एनएव्हीचाच संशय असेल तर ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर त्या तारखेचा भाव पाहा. फक्त आपली योजना वितरकामार्फत घेतलेली रेग्युलर की थेट फंडाकडून घेतलेली डायरेक्ट, ग्रोथ की लाभांशाची, हे आधी नीट जुळवा, कारण एकाच फंडात या प्रत्येकाची एनएव्ही वेगळी असते.

इथपर्यंतचे उत्तर मला सोपे जाते. एका फोनमुळे पुढचे अवघड झाले.

आमच्या ओळखीच्या एका काकूंनी फेब्रुवारी २०२० मध्ये निफ्टी या शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चढणाऱ्या-उतरणाऱ्या निर्देशांक फंडात पाच हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेल्या तारखेचा हप्ता, सुरू केली होती. तारीख पाच. तेव्हा मुद्रांक शुल्क नव्हते. ५ फेब्रुवारीला एनएव्ही १२०.८९ होती, त्यांना ४१.३६० युनिट मिळाले. ५ मार्चला ती ११२.६९ झाली होती, युनिट ४४.३७० आले. ५ एप्रिलला रविवार होता. सोमवारी, ६ एप्रिलला, महावीर जयंतीमुळे बाजार बंद होता. म्हणून हप्त्याला मंगळवारचा, ७ एप्रिलचा भाव लागला, ८७.९२. युनिट आले ५६.८७०.

टाळेबंदी होती, म्हणून काकूंनी फोनच केला. पहिला प्रश्न होता, इतके जास्त कसे? दुसरा अधिक नेमका होता. शुक्रवारी, ३ एप्रिलला, भाव ८०.८४ होता हे त्यांनी पाहून ठेवले होते. त्या भावाने ६१.८५१ युनिट आले असते. सुमारे पाच युनिट कुठे गेले?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा घाईत दिले, म्हणून आज सविस्तर देतो. शुक्रवार ते मंगळवार एवढ्यात निफ्टी पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास चढला होता. सुट्टीच्या दिवशीच्या हप्त्याला मागचा, म्हणजे सर्वांना आधीच माहीत असलेला भाव मिळू लागला, तर सुट्टीत चांगली बातमी येताच कोणीही जुन्या भावाने आत शिरेल आणि तो फायदा आधीपासून फंडात असलेल्यांच्या खिशातून जाईल. म्हणून भाव नेहमी पुढचा, अजून जाहीर न झालेला असतो. यात कधी पाच युनिट कमी येतात, कधी पाच जास्त. १ फेब्रुवारी २०२१ पासून नियम आणखी कडक झाला. आता पैसे फंडाच्या खात्यात प्रत्यक्ष पोहोचले पाहिजेत, आणि निर्देशांक किंवा इक्विटी फंडात ते दुपारी तीनच्या आत पोहोचले तरच त्या दिवसाची एनएव्ही लागते. बँकेतून पाच तारखेला रक्कम गेली आणि फंडाकडे सहाला पोहोचली, तर भाव सहाचा. तुमच्या पासबुकातील तारीख आणि संदेशातील तारीख वेगळी दिसते ती यामुळे.

पहिल्या प्रश्नाला मात्र मी उत्साहाने म्हणालो होतो, "काकू, आनंदाची गोष्ट आहे. बाजार पडला म्हणून तेवढ्याच पैशांत बारा युनिट जास्त मिळाले."

गणित खोटे नव्हते. तीन हप्त्यांचे १५,००० रुपये, एकूण १४२.६०० युनिट, म्हणजे सरासरी खरेदी १०५.१९ ला. तीन एनएव्हींची साधी सरासरी १०७.१७ येते. भाव कमी असताना जास्त युनिट घेतले गेले, म्हणून खरेदीची सरासरी खाली आली. हे मी त्यांना सांगितले. त्याच १४२.६०० युनिटांची त्या दिवशीची किंमत १२,५३७ रुपये होती, हे मी सांगितले नाही. त्यांनी विचारले नव्हते, असे मी बरीच वर्षे स्वतःला समजावत आलो. एप्रिल संपण्याआधी त्यांच्या मुलाचा पगार निम्म्यावर आला. काकूंनी एसआयपी बंद केली आणि सगळे युनिट तोट्यात विकले. फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही तर आनंदाची गोष्ट म्हणाला होतात."

तेव्हाचा मी म्हणेन की त्या डिसेंबरपर्यंत थांबल्या असत्या तर फायद्यात असत्या, आणि ते खरेच आहे, कारण वर्ष संपताना निफ्टी फेब्रुवारीच्या पातळीच्याही वर होता. पण एप्रिलमध्ये हे मला माहीत नव्हते, आणि घरखर्चाला पैसे हवे असलेल्या माणसाला डिसेंबर सांगून काय उपयोग? जास्त युनिट ही चांगली बातमी फक्त त्याच्यासाठी आहे, ज्याला ते विकायची वेळ दूर आहे. हे मी हप्ता सुरू करतानाच विचारायला हवे होते.

युनिटांची संख्या आणि मालमत्ता यांची गल्लत होऊ नये म्हणून मी आता एक उदाहरण देतो, ते माझ्याच विरुद्ध जाते. माझ्यामार्फत घेतलेल्या रेग्युलर योजनेची एनएव्ही त्याच फंडाच्या डायरेक्ट योजनेपेक्षा कमी असते, कारण माझे कमिशन त्यातील खर्चातून निघते. म्हणजे तेवढ्याच पैशांत माझ्याकडे युनिट जास्त मिळतात. ते जास्त युनिट तुमचा फायदा नव्हेत. मी जे काम करतो त्याचा मोबदला मला योग्य वाटतो; पण युनिट मोजून कोणी तो फायदा समजू नये.

काकूंनी पुढे पुन्हा एसआयपी सुरू केली, आणि तीही माझ्याकडेच. तारीख त्यांनी दहा ठेवली आहे. संदेश आला की त्या आधी भाव आणि तारीख वाचतात, मग युनिट. ३ एप्रिलचा भाव आपला होता, हे त्यांचे मत मात्र अजून कायम आहे. पुढच्या भावाचे कारण मी त्यांना दोनदा समजावले. "नियम कळला," त्या म्हणतात, "पण माझी तारीख मी सुट्टी पाहून ठरवली नव्हती." यावर माझ्याकडे उत्तर नाही.