चेहऱ्यावरचं ऊन

स्वतःचा फोटो कापायचा, एआयकडून तयार करून घेतलेल्या देखाव्यावर चिकटवायचा आणि त्याला आत्मचित्र म्हणायचं. चित्रकलेच्या तासाला हा स्वाध्याय दिला की वर्ग खूश असतो. चेहरा रेखाटायचा नाही, म्हणजे नाक बिघडायची भीती नाही. पण तास संपताना भिंतीवर लावलेली सगळी मुलं जुन्या फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभी असल्यासारखी दिसतात. कापलेलं नीट असतं, चिकटवलेलंही नीट असतं. बिनसलेलं असतं ते ऊन.

सगळ्यांत लाडका देखावा घेऊ: संध्याकाळचा समुद्र. पाण्यावर टेकलेला केशरी सूर्य, आणि त्याच्यापुढे वर्गातल्या खिडकीशी काढलेला हसरा चेहरा, छान उजळलेला. आता सूर्य जर डोक्याच्या मागे असेल, तर आपल्याकडची बाजू सावलीत हवी. केसांच्या आणि खांद्याच्या कडेला तेवढी एक सोनेरी रेघ यावी. इथे तर चेहराच सूर्यापेक्षा उजळ! पाहणाऱ्याला भौतिकशास्त्र आठवत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच कळतं.

चूक होते ती क्रमात. मुलं आधी देखावा तयार करून घेतात, त्यावर भाळतात आणि मग त्यात चेहरा बसवायला बघतात. क्रम उलटा हवा. आधी फोटो, मग तो फोटो वाचायचा, आणि त्याच्या उन्हाला साजेसा देखावा मागायचा.

फोटो वाचणं कठीण नाही. नाकाची सावली कोणत्या गालावर पडलीय ते बघायचं. उजेड तिच्या विरुद्ध बाजूला. हनुवटीखाली मानेवर गडद सावली असेल तर उजेड वरून आलाय. बुबुळातला पांढरा ठिपका म्हणजे खिडकीच. तो घड्याळातल्या दहाच्या जागी असेल तर उजेड डावीकडून, वरून. फोटोच्या मोकळ्या कडेवर त्या दिशेचा बाण काढून ठेवावा. हा बाण पुढच्या बाजूलाच काढायचा. मागे काढला की कागद उलटताना डाव्याचं उजवं होतं, आणि मग अर्धा तास कोणाचं डावं खरं यावर वाद.

फोटो काढताना दोन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे. मोबाइल हातभर अंतरावर धरला तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात, म्हणून दुसऱ्या कोणीतरी दीड ते दोन मीटरवरून, थोडा झूम करून फोटो काढावा. आणि उजेड एकाच खिडकीचा असावा. वरची ट्यूबलाइट चालू राहिली की नाकाला दोन सावल्या पडतात, आणि तसं ऊन कुठल्याच समुद्रावर मिळत नाही.

मग देखावा मागायचा. ‘सूर्य नको, माणसं नकोत’ असं लिहिलं तर दोन्ही येण्याची शक्यता जास्त. यांतली बरीच साधनं ‘नको’ फारसं ऐकत नाहीत, शब्द तेवढा उचलतात. जे हवं तेच लिहावं: ‘रिकामा समुद्रकिनारा, सकाळची वेळ, डावीकडून वरून येणारं मऊ ऊन, दगडांच्या सावल्या उजवीकडे, क्षितिज चित्राच्या मध्याच्या थोडं खाली.’ सावल्यांची दिशा वेगळी लिहिल्याने फरक पडतो. चित्र आलं की त्यातल्या दोन-तीन दगडांच्या सावल्या तपासाव्यात. एक इकडे, एक तिकडे असेल तर पुन्हा मागावं. चेहऱ्याचा फोटो मात्र या साधनाला द्यायचाच नाही. देखावा तेवढा मागायचा, चेहरा कात्रीच्या ताब्यात.

क्षितिजाचा मुद्दा मुलांना जादूसारखा वाटतो. सपाट जमिनीवर किंवा समुद्रकाठी क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं. म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर समोर उभ्या माणसाच्या मागचं क्षितिज त्याच्या डोळ्यांतूनच जायला हवं. ते कमरेशी चिकटवलं की माणूस राक्षसाएवढा होतो, कपाळाच्या वर ठेवलं की खड्ड्यात उभा. पण डोळ्यांतून जाणारं क्षितिज गणिताने बरोबर असलं तरी दिसायला वाईट; दोन्ही कानांतून दोरी ओवल्यासारखं. यावर उपाय फोटो काढतानाच करायचा. मोबाइल छातीच्या उंचीवर धरला की क्षितिज छातीशी येतं, आणि डोकं मोकळ्या आभाळावर. खांद्यापेक्षा वर नको, नाहीतर ती रेघ मानेवरून सुरीसारखी फिरते.

छपाईचं थोडक्यात. देखावा अनेकदा १०२४ पिक्सेल रुंदीचा मिळतो. तो ए४ कागदाच्या २१ सेंटिमीटरवर पसरला की इंचाला जेमतेम सव्वाशे पिक्सेल उरतात, म्हणून जरा मऊ दिसतो. दिसू द्यावा. चेहरा स्पष्ट आणि मागचं मऊ, हे डोळ्याला पटतं. चेहऱ्याच्या मात्र तीन प्रती काढाव्यात: एक ठरवलेल्या मापाची, एक दहा टक्के लहान, एक दहा टक्के मोठी. न चिकटवता देखाव्यावर सरकवून बघितल्याशिवाय माप कळत नाही.

खरी परीक्षा केसांची. एकेक बट कापायला गेलेलं मूल दहा मिनिटांत टक्कल तरी पाडतं नाहीतर रडकुंडीला येतं. केसांच्या बाह्यरेषेच्या दोन मिलिमीटर आतून सरळ, गुळगुळीत कापावं. चिकटवून झाल्यावर टोकदार गडद पेन्सिलीने आठ-दहा बटा केसांतून सुरू करून देखाव्यावर ओढाव्यात. सुटे केस तिथे कात्रीने येत नाहीत, पेन्सिलीनेच येतात. कापलेल्या कागदाची पांढरी कड खांद्याभोवती चमकते, तिच्यावर त्या-त्या जागेच्या रंगाची पेन्सिल आडवी धरून फिरवावी, आणि तीही चिकटवण्याआधी. डिंक पातळ असेल तर इंकजेटची शाई पसरते आणि कागदाला सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिकच बरी.

एवढं करून जमलं का, हे बघायला मोबाइलवर त्या कोलाजचा कृष्णधवल फोटो काढावा. रंग गेले की लबाडी उघडी पडते. चेहरा अजून सुटा वाटत असेल, तर उजेडाच्या विरुद्ध बाजूच्या गालावर आणि खांद्यावर देखाव्यातल्या सावलीचाच निळसर करडा रंग पेन्सिलीने हलका चढवावा.

आणि ऊन चुकीच्या बाजूचं आलंच, तर? देखावा आरशातल्यासारखा उलटा छापावा, चेहरा नाही, असं सांगितलं जातं, आणि ते शहाणपणाचं आहे. चेहरा उलटला की भांग दुसरीकडे जातो. पण आत्मचित्रात ही सवलत पूर्वापार चालत आलेली आहे. व्हॅन गॉगने कापला होता डावा कान. १८८९ सालच्या त्याच्या आत्मचित्रात पट्टी दिसते ती उजव्या कानावर, कारण तो आरशात बघून रंगवत होता. म्हणून एखादीने दोन्ही प्रती शेजारी ठेवून उलटीच निवडली, तर शिक्षकांनी थांबवू नये. मैत्रिणी म्हणतील, ‘तू अशी नाही दिसत.’ ती म्हणेल, ‘मला तर रोज अशीच दिसते.’