काकूंची दोन खाती

जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात मी सहा वर्षं काम करतोय. ग्लास बदलणं, डेटा कॉपी करणं हे रोजचंच. पण दिवाळीनंतर लोकमान्य नगरच्या एक काकू आल्या, तो दिवस वेगळा होता. पर्समधून फोन काढून त्यांनी बँकेचे दोन मेसेज दाखवले. ५ तारखेला ९९ रुपये, ८ तारखेला १३९. "गाण्यांच्या ॲपचे दोनदा कापलेत रे. आणि माझी गाणीही गेली."

गाणी गेली म्हणताना त्यांचा आवाज बदलला. पैशांपेक्षा तेच त्यांना लागलं होतं. चार वर्षं त्या रोज सकाळी अमीर खाँसाहेब, कुमारजी, जुनी नाट्यगीतं ऐकत. ॲप उघडलं की पुढचं आपोआप त्यांच्या आवडीचं लागायचं. आता त्या जागी पंजाबी गाणी आली होती.

दोन मेसेज शेजारी ठेवून पाहिले. १३९ च्या मेसेजात गुगल प्लेचं नाव होतं, ९९ च्या मेसेजात थेट ॲपच्या कंपनीचं. पैसे दोन वेगळ्या वाटांनी गेले होते. अशा वेळी मी आधी खातीच दोन आहेत का ते पाहतो. ॲपमधल्या प्रोफाइलवर जो ईमेल दिसला, तो काकूंना ओळखीचाच नव्हता.

"सुट्टीत नातू आला होता. त्याने काहीतरी स्वस्तात करून दिलं," त्या म्हणाल्या.

मग उलगडलं. पहिले तीन महिने ९९ रुपयांत, ही ऑफर पूर्वी कधीच प्लॅन न घेतलेल्यांसाठी होती. काकूंचं जुनं खातं तिथे अपात्र ठरलं, म्हणून नातवाने दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडलं. जुनं ॲप काढून टाकलं की जुना प्लॅनही बंद झाला, असं त्याने धरलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही, गुगल प्ले ठरल्या तारखेला पैसे कापतच राहतं. ऐकण्याचा इतिहास खात्याला चिकटलेला असतो, फोनला किंवा माणसाला नाही.

जुन्या ईमेलने लॉगिन केलं आणि सगळी यादी जशीच्या तशी समोर आली. काकूंनी फोन माझ्या हातातून घेऊन एक बंदिश लावली आणि ती संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो. गर्दीच्या वेळी एवढा वेळ मी कोणाला देत नाही, त्या दिवशी दिला.

मग कामाला लागलो. आधी नवं खातं. ही वर्गणी कंपनीच्या साइटवरून, यूपीआय ऑटोपेवर घेतलेली. साइटवर जाऊन पुढचं नूतनीकरण रद्द केलं, मगच यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, काढून टाकलं. नुसतं मँडेट काढलं असतं तर पैसे थांबले असते, पण साइटच्या हिशेबी वर्गणी चालूच राहिली असती. काकूंना मी बजावलं, की Cancel plan वेगळं आणि Delete account वेगळं. पहिल्याने फक्त पैसे थांबतात. दुसरं चुकून जुन्या खात्यावर दाबलं तर चार वर्षांची यादी जाईल. नातवाने नव्या खात्यात एक भजनांची प्लेलिस्ट केली होती. तिची लिंक जुन्या खात्यातून उघडून ती जतन केली. प्लेलिस्ट अशी नेता येते, ऐकलेल्याचा इतिहास मात्र नेता येत नाही.

मग जुनं खातं. प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions उघडून तिथलं नूतनीकरण रद्द केलं. ८ तारखेला भरलेले पैसे पुढच्या ८ पर्यंत चालणार होते. परतावा गुगलकडूनच सहज मागायचा तर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत मागावा लागतो. आज १३ तारीख होती.

"मग आता मला सवलत नाहीच का?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, मिळू शकते, पण याच खात्यावर आणि प्लॅन संपल्यावर. परत येणाऱ्यांची ऑफर आधी प्लॅन घेऊन सोडलेल्यांना मिळते, आणि अमुक तारखेपूर्वी प्लॅन संपलेला हवा, अशी अट असते. प्ले स्टोअरचा प्लॅन चालू असताना साइटवरून दुसरा घेतला तर दोन्ही पैसे कापू शकतात. प्लॅन संपल्यापासून ऑफर येईपर्यंत जाहिराती ऐकाव्या लागतील आणि उतरवून ठेवलेली गाणी चालणार नाहीत. इतिहास मात्र राहील.

जानेवारीच्या शेवटी काकू पुन्हा आल्या. ऑफर दिसली होती. पैसे भरण्याआधी आम्ही तिघांनी, हो, नातू व्हिडिओ कॉलवर होता, तीन गोष्टी वाचल्या. वर दिसणारा ईमेल जुनाच आहे का, सवलत संपल्यावर किती कापणार, आणि ते कोणत्या तारखेला. प्ले स्टोअरच्या यादीत जुनी वर्गणी संपलेली दिसते का, तेही पाहिलं. मगच यूपीआय पिन टाकला. सवलत संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख काकूंनी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये लाल पेनाने लिहून ठेवली आहे.