नागपूरच्या गच्चीवर मोजलेला पाव दिवस

वर्ष म्हणजे ३६५ दिवस आणि दर चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस जास्त, एवढे शाळेत सगळेच शिकतात. परंतु तो उरलेला पाव दिवस प्रत्यक्षात कुठे दिसतो, हे मला कुणी दाखवले नव्हते. तो स्वतः मोजून पाहावा, असे ठरवून मी २०२१ च्या मार्चमध्ये नागपुरातील आमच्या घराच्या गच्चीवर एक साधी मांडणी केली आणि तेव्हापासून दर वर्षी २० मार्चला तिथे खूण करत आलो.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यावरून दिवस ठरतो आणि ती सूर्याभोवती फिरते त्यावरून वर्ष ठरते. या दोन गती एकमेकींना बांधलेल्या नाहीत, त्यामुळे एका प्रदक्षिणेत पूर्ण संख्येनेच दिवस बसावेत, असे कोणतेही कारण नाही. एका वसंत संपातापासून पुढच्या वसंत संपातापर्यंत सरासरी ३६५ दिवस, ५ तास आणि जवळजवळ ४९ मिनिटे लागतात. वसंत संपात म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो क्षण, आणि तो क्षण मोजणीसाठी फार सोयीचा आहे, कारण त्या सुमारास सूर्याची उत्तरेकडे सरकण्याची गती वर्षातील सर्वांत जास्त असते.

पाण्याच्या टाकीच्या भिंतीला मी एक लोखंडी अँगल बसवून घेतला, त्यावर बारीक छिद्र पाडलेला पत्रा आडवा घट्ट केला आणि ते छिद्र फरशीपासून बरोबर दोन मीटर उंचीवर येईल, अशी व्यवस्था केली. छिद्रातून ओळंबा सोडून त्याच्या खालचा बिंदू फरशीवर कोरला. नुसती काठी उभी करून सावली का मोजली नाही, असे काही जणांनी विचारले. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे एवढ्या उंचीच्या काठीच्या सावलीचे टोक साधारण दोन सेंटीमीटर पट्ट्यात पुसट होत जाते, आणि मला तर काही मिलिमीटरचा फरक ओळखायचा होता. छिद्रातून मात्र सूर्याची गोल प्रतिमा पडते, तिच्या दोन्ही कडांवर खुणा करून मध्य काढता येतो आणि तो मिलिमीटरभर अचूकतेने सापडतो.

नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश ९ मिनिटे असल्यामुळे संपाताच्या दिवशी दुपारी ही प्रतिमा ओळंब्याच्या बिंदूपासून उत्तरेला साधारण ७७ सेंटीमीटरवर पडते. मार्चच्या २० तारखेला येथे सूर्य १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास माथ्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर येतो. घड्याळातले बारा हे येथील मध्यान्ह नव्हे, कारण भारतीय प्रमाणवेळ नागपूरच्या पूर्वेकडील रेखांशाची आहे. सुदैवाने या दिवसांत प्रतिमेचा मार्ग फरशीवर जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम रेषा असतो, म्हणून वेळ पाच-दहा मिनिटे चुकली तरी उत्तर-दक्षिण अंतरात काही फरक पडत नाही. मापाला खरा धोका असतो तो पत्रा वाकण्याचा किंवा खाली सरकण्याचा, आणि म्हणून दर वेळी आधी ओळंबा सोडून उंची पुन्हा तपासावी लागते. मार्चमध्ये विदर्भात अवकाळी ढगही येतात. तेव्हा आदल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या खुणांच्या मधोमध २० तारखेची जागा धरता येते, कारण प्रतिमा रोज सारखीच, सुमारे १६ मिलिमीटर, दक्षिणेकडे येत असते.

दिवसाला १६ म्हणजे पाव दिवसाला चार मिलिमीटर. २०२२ ची खूण २०२१ च्या खुणेच्या उत्तरेला तेवढ्याच अंतरावर पडली आणि २०२३ ची तिच्याही पुढे तेवढीच सरकली. याचा अर्थ असा, की कॅलेंडरने ३६५ दिवस मोजून २० मार्च जाहीर केला, तेव्हा पृथ्वी दर वेळी जवळजवळ सहा तासांच्या वाटचालीने मागे होती. पंचांगातील वेळा हेच सांगतात. संपात २०२१ मध्ये २० मार्चला दुपारी ३ वाजून ७ मिनिटांनी, २०२२ मध्ये रात्री ९ वाजून ३ मिनिटांनी झाला आणि २०२३ मध्ये तर मध्यरात्र ओलांडून २१ तारखेच्या पहाटे २ वाजून ५४ मिनिटांवर गेला. मग २०२४ चा २९ फेब्रुवारी आला आणि खूण एकदम १२ मिलिमीटर दक्षिणेकडे परतली. लीप दिवस म्हणजे काय, हे मला त्या दुपारी खऱ्या अर्थाने दिसले. २०२५ ची खूण २०२१ च्या खुणेवरच बसली.

गच्चीच्या मापाने तसे दिसत असले, तरी ती तंतोतंत त्याच जागी नव्हती. २०२५ चा संपात दुपारी २ वाजून ३१ मिनिटांनी झाला, म्हणजे चार वर्षांपूर्वीपेक्षा ३६ मिनिटे आधी. फरशीवर हा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी होतो. २०२० आणि २०२४ या वर्षांची तुलना केली तर तो ४४ मिनिटे येतो. चंद्राच्या आणि इतर ग्रहांच्या ओढीमुळे प्रत्येक वर्षाची लांबी काही मिनिटांनी कमी-जास्त होते, पण सरासरी पाहता चार वर्षांत ४५ मिनिटे, म्हणजे वर्षाला सव्वाअकरा मिनिटे, आपण गरजेपेक्षा जास्त जोडतो. पाव दिवस हे मुळात थोडे चढे माप आहे.

ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लागू केलेल्या कॅलेंडरमध्ये फक्त चार वर्षांचाच नियम होता. सव्वाअकरा मिनिटांचा सुमारे १२८ वर्षांत एक दिवस होतो, आणि चौथ्या शतकात २१ मार्चला असलेला संपात सोळाव्या शतकापर्यंत ११ मार्चला येऊन पोहोचला होता. ईस्टरची तारीख संपातावरून ठरत असल्यामुळे पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर घेतला. पुढे पुन्हा तसे होऊ नये म्हणून शतकवर्षांचा नियम आला: १०० ने भाग जाणारे वर्ष ४०० नेही भागले जात असेल, तरच लीप. ४०० वर्षांत चढा हिशेब ३ दिवस आणि सुमारे ३ तासांचा होतो, म्हणून शंभर लीप दिवसांतून तीन वगळले. १७००, १८०० आणि १९०० वगळली गेली, २००० राहिले. इटलीतील बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६५५ मध्ये सुमारे २७ मीटर उंचीवरील छिद्रातून सूर्याची प्रतिमा फरशीवर पाडून याच गोष्टी मोजल्या. माझ्या दोन मीटरांपुढे ती उंची पाहिली की, तिथे मिनिटांचाही हिशेब का लागू शकत होता, हे लगेच ध्यानात येते.

एक गोष्ट आपल्याकडे नेहमी विचारली जाते: मग संक्रांत १४ वरून १५ जानेवारीकडे का सरकते? पंचांगाचे निरयन वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले, ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचे आहे, तर लीप वर्षाचा नियम ऋतूंना धरून आहे. दोहोंतील वीस मिनिटांचा फरक हा नियम भरून काढत नाही.

२००० हे लीप वर्ष ठरल्यामुळे या शतकात संपात हळूहळू आधी येत राहील आणि २०९६ मध्ये तो १९ मार्चला होईल. २१०० मध्ये २८ फेब्रुवारीनंतर १ मार्च येईल, २०९६ नंतरचा लीप दिवस थेट २१०४ मध्ये येईल आणि २१०३ मध्ये संपात पुन्हा २१ तारखेवर जाईल. एवढे करूनही वर्षाला सुमारे २६ सेकंद शिल्लक राहतातच. त्यांचा एक दिवस व्हायला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील, परंतु पृथ्वीचे फिरणेही अतिशय मंदपणे संथ होत असल्यामुळे तो दिवस नेमका कोणत्या वर्षी वगळावा लागेल, हे आज नियमात लिहून ठेवता येत नाही, आणि कुणी तो अधिकृतपणे लिहिलेलाही नाही.