सरळ रेषेत चढणारा शेअर

भाच्यानं पाठवलेल्या चार्टमध्ये दोन महिन्यांत घसरणीच्या दिवसाची एकही लाल काडी नव्हती. शेअर अठरा रुपयांवरून नव्वदला आला होता. खाली त्याचा मेसेज होता, "मामा, तू फक्त एकदा बघून घे. ग्रुपमधल्या सगळ्यांनी घेतलाय." मी एका कर सल्लागाराकडे हिशेब बघतो आणि शेअर बाजारात बरीच वर्षं आहे, म्हणून घरातल्या अशा गोष्टी माझ्याकडेच येतात. कंपनी कापडाच्या व्यापारातली, फक्त बीएसईवर नोंदलेली. टेलिग्रामच्या ग्रुपवर येण्यापूर्वी तिचं नाव आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं.

सगळ्यात आधी मी चार्ट साध्या मापावरून लॉग मापावर नेला, म्हणजे सारख्या टक्केवारीच्या वाढीला सारखीच उंची मिळते असा. बहुतेक चार्टिंग साइटवर कोपऱ्यात `Log` असं बटण असतं. साध्या मापावर हा शेअर वर झेपावणाऱ्या सुंदर कमानीसारखा दिसत होता. लॉग मापावर तीच कमान पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेषा झाली. याचा अर्थ भाव रोज ठरावीक टक्क्यांनीच वाढत होता. शेअरला दिवसाला पाच टक्क्यांची मर्यादा होती आणि रोज बाजार उघडताच तो अपर सर्किटला, म्हणजे त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला, जाऊन बसत होता. पाच टक्क्यांची तेहतीस सर्किटं लागली की भाव पाचपट होतो, अठराचे नव्वद. खरेदीदारांत मतभेद असतील तर भाव असा चालत नाही. कोणीतरी नफा काढतो, कोणाला महाग वाटतं, एखादा दिवस लाल जातो. इथे रोजचा भाव एक्स्चेंजच्या मर्यादेनं ठरत होता आणि तिथवर त्याला ढकलायला फार थोडे पैसे लागत होते.

किती थोडे, ते बघायला मी बीएसईच्या साइटवरून जुन्या भावांची फाइल उतरवली. भाव सगळेच बघतात. त्याच फाइलमध्ये `No. of Trades` नावाचा रकाना असतो आणि माझ्या मते अशा शेअरमध्ये सगळ्यात आधी वाचायचा रकाना तोच. चढाईच्या बहुतेक दिवसांत तिथे एक आकडी संख्या होती. एका दिवशी चार सौदे, दुसऱ्या दिवशी सात. हातबदल झालेले शेअर दिवसाला दोन-तीनशे. मी संपूर्ण चढाईची उलाढाल बेरीज करून पाहिली, ती पाच लाखांच्या आत होती. कंपनीचे एकूण शेअर साधारण एक कोटी. म्हणजे पाच लाखांच्या आतल्या सौद्यांनी कागदावर कंपनीचं मूल्य अठरा कोटींवरून नव्वद कोटी केलं होतं.

भाच्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "पण डिलिव्हरी बघ ना, रोज शंभर टक्के आहे. घेणारे विकतच नाहीयेत." हे त्याला ग्रुपवरच सांगितलं होतं आणि ऐकायला बरोबर वाटतं. पण तो शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात होता. त्या गटात सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, प्रत्येक सौदा डिलिव्हरीतच, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात जाऊनच, मिटवावा लागतो. त्यामुळे डिलिव्हरी शंभर टक्केच असणार. तो आकडा लोकांच्या विश्वासाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त एक्स्चेंजनं या शेअरला देखरेखीखाली ठेवलंय एवढंच सांगतो.

मग त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. खरेदीच्या बाजूला लाखभर शेअरच्या ऑर्डर रांगेत, विक्रीच्या बाजूला शून्य. अपर सर्किटला असंच दिसतं. रांगेतली ऑर्डर कधीही रद्द करता येते, झालेला सौदा मात्र रद्द होत नाही. म्हणून रांग कितीही लांब असली तरी मी झालेल्या सौद्यांवरच बोट ठेवतो.

खरी गंमत फाइलच्या शेवटी होती. भाव नव्वदच्या आसपास पोचला आणि सर्किट उघडलं, म्हणजे विकणारे आले आणि भाव मर्यादेला अडकून राहिला नाही. आतापर्यंत दिवसाला तीनशे शेअर फिरत होते, त्या दिवशी अडीच लाख फिरले. सौदे तीन हजारांवर गेले, म्हणजे एका सौद्यात सरासरी ऐंशी शेअर. भाव मात्र जागचा फारसा हलला नाही. पुढचे काही दिवस असेच. ग्रुपवर लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते, "अखेर क्वांटिटी मिळाली!" इतके दिवस कोणी एक शेअर द्यायला तयार नव्हता आणि आता हवे तेवढे मिळत होते. देतंय कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्याचं उत्तर एक्स्चेंजच्या बल्क डीलच्या यादीत अर्धं तरी सापडतं. कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एकाच खात्यानं एका दिवसात घेतले किंवा विकले, तर बाजार बंद झाल्यावर त्याचं नाव यादीत येतं. इथे अर्धा टक्का म्हणजे पन्नास हजार शेअर. सर्किट उघडल्यापासून यादीत विकणाऱ्यांची नावं होती, घेणाऱ्यांचं एकही नव्हतं. म्हणजे माल मूठभर हातांतून निघून हजारो हातांत जात होता आणि त्यातला कोणताही हात यादीत येण्याइतका मोठा नव्हता. मग मी कंपनीच्या जुन्या घोषणा चाळल्या. काही महिन्यांपूर्वी प्रवर्तकांव्यतिरिक्त इतर काही निवडक लोकांना पंधरा रुपयांनी प्रेफरेन्शियल, म्हणजे थेट कंपनीकडून, शेअर दिले होते. अशा शेअरना साधारण सहा महिन्यांचा लॉक-इन असतो, तोवर ते विकता येत नाहीत. तारखा जुळवल्या तर लॉक-इन संपला आणि त्यापाठोपाठ सर्किट उघडलं होतं. विकणाऱ्यांपैकी दोन नावं त्या वाटपाच्या यादीतही होती.

मधल्या काळात एक्स्चेंजनं कंपनीला विचारलं होतं की भाव का वाढतोय. कंपनीचं उत्तर ठरीव होतं: जाहीर न केलेली कोणतीही माहिती आमच्याकडे नाही. ग्रुपवर तेव्हा मोठ्या ऑर्डरची चर्चा होती. कंपनी लेखी सांगते की बातमी नाही आणि ग्रुप सांगतो की आहे, तर मी कंपनीचं उत्तर खरं धरतो.

हा साचा नवा नाही. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबाबतचे सेबीचे आदेश वाचण्यासारखे आहेत. तिथे 2022 मध्ये आधी शेअरचा भाव आणि उलाढाल वाढवली गेली. मग जुलैमध्ये यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, त्यात अदानी समूह ही कंपनी घेणार असंही होतं. व्हिडिओ बघून लोक आले आणि ज्यांच्याकडे माल होता त्यांनी तो त्यांना विकला. सेबीच्या म्हणण्यानुसार या काळात छोट्या भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 झाली. अंतरिम आदेश मार्च 2023 मध्ये आला, अंतिम आदेश मे 2025 मध्ये. त्यात 59 जणांवर कारवाई झाली आणि सुमारे 58 कोटींचा बेकायदा नफा व्याजासह परत करायला सांगितलं. जुलै 2022 मध्ये वरच्या भावात घेणाऱ्यानं यावरून स्वतःचा हिशेब करावा. माझ्यापुरतं यातलं महत्त्वाचं म्हणजे क्रम. व्हिडिओ पहिल्यांदा नाही आला, चढाई झाल्यावर आला. टिप आपल्यापर्यंत पोचते तेव्हा खेळाचा शेवटचा भागच उरलेला असतो.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण पडायला लागला की मी पाच टक्क्यांवर बाहेर पडतो की." इथेच बहुतेकांची गफलत होते. चढताना जी मर्यादा रोज लागत होती, तीच उतरतानाही लागते. लोअर सर्किटला विकणाऱ्यांची रांग असते, घेणारा नसतो. सगळ्यांचा भाव एकच असल्यामुळे ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. हजारो छोटे विक्रेते रोज सकाळी एकाच क्षणी ऑर्डर टाकतात आणि संध्याकाळी बहुतेकांची ऑर्डर तशीच बाद होते. अशी दहा सर्किटं लागली की शंभराचे साठ उरतात आणि त्या दहा दिवसांत तुम्ही विकू शकालच असं नाही. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भावाला आपोआप विकण्याची ऑर्डर, लावला तरी तो फक्त रांगेत उभं करतो, घेणारा आणून देत नाही.

त्यानं शेअर सोडला, पण आठवड्याभरात एका क्रिप्टो टोकनचा चार्ट घेऊन आला. तिथे माझी पद्धत जशीच्या तशी चालत नाही. टोकनमध्ये सर्किट नसतं, सगळा प्रकार काही मिनिटांत उरकतो. सौद्यांची संख्याही भरवशाची नसते, कारण एकच माणूस स्वतःच्या दोन वॉलेटमध्ये किरकोळ शुल्कात शेकडो सौदे करू शकतो. तिथे बघायची लिक्विडिटी, म्हणजे सौद्यांसाठी प्रत्यक्ष किती पैसे ठेवलेत ते. समजा, एका विकेंद्रित एक्स्चेंजच्या पूलमध्ये, म्हणजे ज्यातून सौदे होतात त्या सामायिक साठ्यात, एक हजार डॉलर आणि एक लाख टोकन आहेत. भाव झाला एक सेंट. पूलचं गणित असं की दोन्ही आकड्यांचा गुणाकार कायम राहतो. कोणी आणखी एक हजार डॉलर टाकले तर पूलमध्ये दोन हजार डॉलर होतात आणि टोकन पन्नास हजार उरतात. भाव चार सेंट. एक हजार डॉलरमध्ये भाव चौपट. एकूण टोकन शंभर कोटी असतील तर साइटवर मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या टोकनची कागदावरची किंमत, एक कोटी डॉलरवरून चार कोटी दिसेल. पण सगळ्यांनी मिळून विकलं तरी पूलमधून दोन हजार डॉलरहून एक सेंटही जास्त निघणार नाही. आणि पूलमधले पैसे ज्यानं ठेवलेत त्याला ते काढून घेण्याची मुभा असेल, तर तेही नाही. त्या टोकनची मार्केट कॅप आणि लिक्विडिटी शेजारीशेजारी ठेवल्यावर भाच्यानं स्वतःच मोबाइल बाजूला ठेवला.

प्रत्येक सरळ चढाई म्हणजे लबाडीच, असंही मी म्हणत नाही. मोठी ऑर्डर जाहीर झाली, कंपनी दिवाळखोरीतून सुटली, तर पाच-सात सर्किटं सलग लागू शकतात. तेव्हा एक्स्चेंजवर घोषणा आधी आलेली असते आणि सौद्यांची संख्या पहिल्या दिवसापासून फुगते. उलट बाजूनं, पंप, म्हणजे असा मुद्दाम फुगवलेला भाव, ओळखला तरी तो किती दिवस चालेल हे चार्ट सांगत नाही. सुरुवातीला शिरून पैसे करून बाहेर पडलेले लोक असतात, आणि ग्रुपवर त्यांचेच स्क्रीनशॉट फिरतात.

परवा भाच्यानं आणखी एक नाव पाठवलं, या वेळी सोबत बीएसईची फाइलही होती. एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीचा शेअर. मध्ये मध्ये लाल दिवस, घोषणेच्या दिवशीच सौदे शंभरावरून दोन हजारांवर, बल्क डीलमध्ये घेणारेही आणि विकणारेही. मी म्हटलं, यात मला पंप दिसत नाही. त्यानं विचारलं, "मग घेऊ?" मी म्हटलं, ते तिचा ताळेबंद बघून ठरवू, शनिवारी घरी ये.