आमची वाटचाल : छाटणीची चूक आणि तीन नंबरचं लेणं

2009 मध्ये नाशिकरोडला एका शटरच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली. कॅमेरा भागीदाराचा, मोटरसायकल माझी. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं केली, मग हळूहळू कंपन्यांच्या आणि पॅकहाउसच्या फिल्म्स मिळू लागल्या. ती वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते 2023 सालाबद्दल, कारण त्या वर्षी धंदा जवळजवळ बुडाला होता आणि त्याचं खापर फोडणारे आजही गावात फिरतात.

एका द्राक्ष निर्यातदाराची पाच मिनिटांची फिल्म होती. त्यांनी व्हॉट्सॲपवर आठ ओळींचा आराखडा पाठवला : बाग, छाटणी, पॅकहाउस, कंटेनर. त्या सुमारास आम्ही एआय टूलवर स्क्रिप्ट लिहून घ्यायला लागलो होतो. आराखडा दिला आणि काही मिनिटांत दृश्य एका बाजूला, निवेदन दुसऱ्या बाजूला अशी नीट स्क्रिप्ट हातात आली. मी ती एका लग्नाच्या हॉलमध्ये, मोबाइलवर वाचून मंजूर केली. भाषा इतकी सराईत होती की डोळा कुठे अडलाच नाही. निवेदनात एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणी उलटी झाली होती. एप्रिलच्या खरड छाटणीने काड्या तयार होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात, हे निफाड-दिंडोरीतलं शाळकरी पोरही सांगेल. फिल्म बागायतदारांच्या बैठकीत लागली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "ही बाग कुणाची हो?" बाकीचं बिल अडकलं. आमच्याकडेच काम शिकून वेगळा झालेला एक जण ती क्लिप घेऊन आमच्या तीन ग्राहकांकडे गेला, निम्म्या दरात कामं घेऊन आला, आणि आता तो त्याच टूलवर स्क्रिप्ट काढतो. चूक माझी होती, ती मी कबूल करतो. पण ती क्लिप दाखवत फिरायची काय गरज होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सहा महिने हातात काम नव्हतं. तेव्हा गुरुजी आले. पहिल्या वर्षी त्यांच्याच शाळेचं संमेलन आम्ही शूट केलं होतं. आता निवृत्त झालेत, सहलीच्या मुलांना पांडवलेणी दाखवतात. म्हणाले, "सहा मिनिटांची फिल्म करा. पण एक शब्द चुकला तर मी पैसे देणार नाही, आणि तुम्हाला वाईट वाटू द्यायचं नाही."

त्यांचा आराखडा एका वहीच्या पानावर होता : पायऱ्या, चोवीस लेणी, सातवाहन आणि क्षहरात या राजघराण्यांचं वैर, सातवाहन राजा गौतमीपुत्राचा लेख, शेवट. या वेळी आम्ही टूलला आधी मोजमाप दिलं. आमचा निवेदक मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द वाचतो, आणि दगडाला बघायला शांतता लागते, म्हणून साडेचारशे शब्दांच्या वर जायचं नाही, असं सांगितलं. पहिला मसुदा तरी नऊशेवर गेला. दृश्यांत 'सातवाहन सैन्याची कूच' होती, जी आमच्या बजेटात नाही. 'लेण्यांवरून ड्रोनची झेप' होती, जी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय शक्य नाही. ती काढली. चार फेऱ्यांनंतर ओळीओळीला शॉट असलेली शूटिंग स्क्रिप्ट तयार झाली, आणि तिथे आम्ही थांबलो. पूर्वी इथूनच थेट निवेदकाकडे पाठवायचो.

आता स्क्रिप्टला तिसरा रकाना असतो : आधार. टूलकडून एवढंच काम घेतो की ज्या वाक्यात नाव, वर्ष, आकडा, अवतरण किंवा 'पहिला, सर्वांत मोठा' असा दावा आहे, ते वाक्य वेगळं काढून नंबर घालून दे. पडताळणी त्याच्याकडून करून घेत नाही. 'हे बरोबर आहे का?' विचारलं की ते आधी हो म्हणतं आणि मी जरा शंका घेतली की माफी मागून दुसरं उत्तर देतं. दोन्ही उत्तरं तेवढ्याच ठामपणे. एका दाव्याला त्याने पुस्तकाचं नाव आणि पान दिलं होतं. ते पान उघडलं तर तिथे भलताच लेख होता.

गुरुजींच्या स्क्रिप्टमध्ये सतरा दावे निघाले. अकराव्यावर आम्ही दोन दिवस घालवले. निवेदन असं होतं : 'दहाव्या लेण्यात गौतमीपुत्राने कोरून घेतलं, मी क्षहरातांचा समूळ नाश केला.' वाक्य ऐकायला भारदस्त आहे, पण त्यात तीन चुका. दहावं लेणं क्षहरात राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं, म्हणजे ज्यांचा नाश झाला त्याच घराण्याचं. कॅमेरा तिथे लावला असता तर अख्खी फिल्म शत्रूच्या दारात उभी राहिली असती. आपल्याला हवा तो लेख तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या स्वतःच्या दानाचेही लेख आहेत, म्हणून गोंधळ होणं सोपं आहे. पण ही प्रशस्ती त्याने कोरलेली नाही. ती त्याच्या आईची आहे, गौतमी बलश्रीची, आणि कोरली नातवाच्या, पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षात. सेनार्तने 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापलेल्या पाठात गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं : 'खखरात वंश निरवशेष करणारा', म्हणजे क्षहरातांचा वंश संपवणारा, हे मुलाचं वर्णन आहे, आणि ते आई करते आहे. मुलगा गेल्यानंतर.

हे कळल्यावर स्क्रिप्ट बदलली. पुरुषी, खर्जातला आवाज रद्द केला. तो भाग एका साठीच्या बाईंच्या आवाजात घ्यायचं ठरलं. 'ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं' ही ओळ आई म्हणते तेव्हा कॅमेरा सैन्याकडे जात नाही, लेण्याचा भार खांद्यावर घेतलेल्या दगडी मूर्तींवर राहतो. हा शॉट टूलला सुचला नव्हता आणि मलाही सुचला नसता. तो पडताळणीतून आला.

आणखी एक दावा जोगळटेंभीचा. सिन्नर तालुक्यात 1906 साली तेरा हजारांवर नाणी सापडली. टूलने लिहिलं, गौतमीपुत्राने नहपानाची नाणी वितळवली. वितळवली असती तर आज कुणाला काय कळलं असतं? त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याने आपला ठसा मारला, आणि खालचा नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. त्या एका क्रियापदामुळे आम्हाला नाण्याचा क्लोजअप मिळाला.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. आधार रकान्यात 'इंटरनेट' असं लिहू नका. पान लिहा, नाहीतर जागेवर जाऊन काढलेला फोटो लावा. आमच्याकडे ज्या दाव्याला दोन्ही मिळत नाही, त्यावर लाल रेघ मारतो आणि तो कितीही सुंदर असला तरी काढतो. सतरातले चार असे गेले. पांडवांच्या वनवासाचं वाक्य त्यांत होतं. ते गुरुजींनी 'लोक असं सांगतात' एवढी पुस्ती जोडून परत घ्यायला लावलं, आणि ते योग्यच होतं. आणि पडताळणी निवेदन रेकॉर्ड होण्याआधी करा. नंतर एक शब्द बदलायचा तर आवाज, एडिट, संगीत सगळं पुन्हा उसवावं लागतं. द्राक्षाच्या फिल्मवर आम्ही ते पदरच्या पैशाने केलं आहे.

शूटिंगच्या सकाळी गुरुजी आमच्याआधी पायऱ्या चढून वर पोहोचले होते. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी स्क्रिप्टचा कागद लेखाखाली धरला, प्रत्येक नंबरवर पेन्सिलीने टिंब केलं आणि अकराव्यापाशी थांबले. मग कॅमेरामनला म्हणाले, "बाळ, जरा डावीकडे. आईचं नाव दिसलं पाहिजे."